टाकीत उजेड शिरतो का, ते आधी बघा

कळंगुटच्या घरासाठी पाण्याची टाकी प्लास्टिकची, स्टीलची की काँक्रीटची घ्यावी, असं तुम्ही विचारलंत. शेवाळ उजेडावर वाढतं. म्हणून प्लास्टिकची टाकी घेताना ती दुकानाबाहेर भर उन्हात ठेवायला सांगा, झाकणातून डोकं आत घाला आणि कडेची फट चादरीने झाका. भिंत उजळलेली दिसली तर ती टाकी नको. आतला थर काळा आणि बाहेरचा पांढरा असेल तर उजेड अडतो, पाणीही कमी तापतं. म्हापशात आमच्या गच्चीवर तशीच आहे.

स्टील धुवायला सोपं, पण तुमचं घर कळंगुटला, किनाऱ्यालगत. तिथल्या खाऱ्या हवेत ३०४ प्रतीच्या स्टीलच्या सांध्यांवर तांबूस ठिपके पडतात. ३१६ प्रतीचं टिकतं, पण महाग. काँक्रीटमध्ये पाणी गार राहतं, मात्र खडबडीत भिंत घासताना कंबर मोडते.

कुठलीही घ्या, तळाशी गाळ काढायचा व्हॉल्व्ह हवाच.