शेरे चौदा, मुद्दा बदलणारे दोन

जर्नलकडून ‘मेजर रिव्हिजन’ आलं की काय करायचं, हा प्रश्न मला दर सेमिस्टरला येतो. सोबत कँटीनमध्ये ऐकलेले दोन-तीन सल्लेही येतात, आणि उत्तराचा निम्मा वेळ ते खोडण्यातच जातो. म्हणून या वेळी सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत. मी सामाजिक शास्त्रांपुरतं सांगते. प्रयोगशाळेतल्या पेपरांचं त्या विषयातल्या माणसाला विचारा.

प्रश्न: मॅडम, सिनियर म्हणतात की रिव्ह्यूअरचे सगळे शेरे मान्य केले की पेपर घेतातच. खरं आहे का?

नाही.

प्रश्न: १९८२ च्या गिरणी संपावर माझा पेपर आहे. लालबाग-परळमधल्या जुन्या कामगारांच्या मुलाखती घेतल्यात. चौदा शेरे आलेत, भाषा फार लागट आहे. सुरुवात कुठून करू? गोषवारा आणि शेरे सोबत जोडलेत.

शेऱ्यांचा कागद आधी बाजूला ठेवा आणि पेपरचा दावा एका वाक्यात लिहा. तुमच्या गोषवाऱ्यात तो असा आहे: ‘१९८२ च्या संपामुळेच मुंबईतल्या कापड गिरण्या बंद पडल्या.’ आता एकेक शेरा घ्या, तो पूर्ण खरा आहे असं घटकाभर धरा आणि हे वाक्य पुन्हा वाचा. वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं, तर शेरा कितीही झोंबला तरी त्याने मुद्दा बदलत नाही. एखादा शब्द जरी खोडावा लागला, तर शेरा कितीही मवाळ भाषेत असो, तो मुळाला हात घालतोय.

तुम्हाला सगळ्यात लागलेला शेरा दुसरा: ‘प्रस्तावना वर्तमानपत्री आहे, लेखकाला सिद्धांताचा गंध नाही.’ उद्धट आहे, मान्य. पण तो पूर्ण खरा धरला तरी तुमच्या वाक्यातली एक मात्राही हलत नाही. प्रस्तावनेची दोन पानं नीट लिहा, झालं. संपकऱ्यांच्या आकड्याला स्रोत द्या, हा पाचवा शेराही असाच, अर्ध्या तासाचं काम.

नववा शेरा मात्र एका ओळीचा आहे: ‘यंत्रमागांचं काय?’ त्याच्यापुढे तुम्ही पेन्सिलीने ‘किरकोळ’ लिहिलंय. ते खोडा. आजारी गिरण्या चालवायला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ १९६८ मध्येच स्थापन झालं होतं. म्हणजे संपाच्या चौदा वर्षं आधीपासून गिरण्या डबघाईला येत होत्या. विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होतं. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा धंदा आधीच खिळखिळा झालेला होता. हे मान्य केलं की तुमचं ‘संपामुळेच’ टिकत नाही. फार तर ‘आधीच सुरू असलेली घसरण संपाने वेगाने पुढे नेली’ एवढंच म्हणता येईल.

इथे बहुतेक जण काय करतात ते मला पाठ झालंय. सातव्या पानावर ‘अर्थात यात यंत्रमागांचाही वाटा होता’ असं एक वाक्य चिकटवतात, गोषवारा आणि समारोप तसेच ठेवतात आणि उत्तरात लिहितात, ‘सूचनेनुसार बदल केला आहे.’ मग पेपर एका पानावर एक सांगतो आणि दुसऱ्या पानावर दुसरं. दुसऱ्या फेरीत रिव्ह्यूअर आधी गोषवाराच वाचतो, त्यामुळे हे लपत नाही. माझ्या टेबलावर दुसऱ्या फेरीत नाकारले गेलेले जे पेपर आले, त्यांतले कितीतरी असेच होते: प्रत्येक शेऱ्याला एक ठिगळ, आणि दावा जागच्या जागी.

बरं, ‘वेगाने पुढे नेली’ असा दावा बदलला तरी त्याला पुरावा कुठला? गिरणीवार आकडे लागतील. संपाआधीच्या काही वर्षांत कुठल्या गिरणीत किती माग चालू होते, कुठली आधीच सरकारकडे गेली होती, संपानंतर कुठली उघडली आणि किती माणसं परत घेतली. असला एकही आकडा तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे मुलाखती आहेत, आणि मुलाखतीवरून गिरणी का बंद पडली ते ठरत नाही. ती का बंद पडली असं कामगाराला वाटतं, ते कळतं.

म्हणून वाटा दोनच. एकतर अभिलेखागारात बसा आणि आकडे गोळा करा. ते वर्षभराचं काम आहे, रिव्हिजनच्या मुदतीत होणार नाही. नाहीतर तुमचा पुरावा जे सांगतो त्यावर दावा आणा: संपात शेवटपर्यंत राहिलेल्या कामगारांच्या घरांत, गिरण्या जाण्याची अनेक कारणं असताना आठवणीत संप हेच एक कारण कसं उरलं? मला विचाराल तर हा पेपर पहिल्यापेक्षा जास्त चांगला आहे. तुमच्या मुलाखतींत त्याचा माल भरपूर आहे. त्या बदली कामगाराच्या बायकोचंच बघा. ती म्हणते, ‘संपाच्या आधीपण यांना महिन्यातून दहाच दिवस काम मिळायचं,’ आणि पुढच्याच वाक्यात, ‘संपाने आमचं वाटोळं केलं.’ ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी येतात, यावरच एक विभाग उभा राहील. तुम्ही ती तळटीपेत टाकलीत.

दावा पक्का केल्याशिवाय उरलेल्या शेऱ्यांची वर्गवारी करू नका, कारण शेऱ्याचं वजन दाव्यावर ठरतं. अकरावा शेरा घ्या: मुलाखती फक्त सामंतांच्या बाजूच्या लोकांच्या आहेत, राष्ट्रीय मिल मजदूर संघाचं कुणीच नाही. १९४६ च्या कायद्याखाली मान्यता त्याच संघाला होती, आणि तो मान्यतेचा प्रश्न संपाच्या केंद्रस्थानी होता. तुमचा जुना दावा असता तर हा शेरा जीवघेणा ठरला असता. नवा दावा ‘शेवटपर्यंत संपात राहिलेल्यांच्या घरांत’ एवढाच असेल तर तो मर्यादेच्या एका परिच्छेदात बसतो. पण मग शीर्षकातलं ‘मुंबईचा गिरणी कामगार’ जाऊ द्या, तिथे तुम्ही सगळ्यांच्या वतीने बोलताय.

तेरावा शेरा मुद्दा बदलणारा दुसरा. तुम्ही लिहिता की मालकांना संपाच्या वेळीच जमीन विकायची होती, आणि पुरावा म्हणून १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम देता. गिरण्यांच्या जमिनी विकसित करायची वाट त्या नियमाने उघडली, हे खरं. पण तो संपानंतर नऊ वर्षांनी आला. १९९१ चा नियम १९८२ मधल्या हेतूचा पुरावा होत नाही. त्या काळातलं पत्र, ठराव, अर्ज असं काही हाती असेल तर द्या. नसेल तर ते वाक्य मुलाखतीतल्या माणसाच्या तोंडी ठेवा, स्वतःच्या तोंडी नको. ‘आमच्या जमिनीवर तेव्हाच डोळा होता’ असं कामगार म्हणतो, हे तुमच्या नव्या दाव्याला उपयोगीच पडेल.

हे सगळं गोषवारा आणि शेरे वाचून सांगतेय, पूर्ण पेपर मी पाहिलेला नाही. दावा बदलण्याआधी गाइडबरोबर बसा. आणि मूळ दावाच बदलत असेल तर एडिटरला चार ओळींची मेल टाकून विचारा की हे रिव्हिजन धरणार की नवीन सबमिशन. काही जर्नलं नवीन धरतात.

प्रश्न: दुसऱ्या रिव्ह्यूअरला माझा मुद्दा कळलेलाच नाही. उत्तरात तसं स्पष्ट लिहू का?

लिहू नका. त्याचा गैरसमज तुमच्या कुठल्या वाक्याने झाला ते शोधा. बहुतेक वेळा ते गोषवाऱ्यात किंवा पहिल्या दोन पानांत सापडतं. दोघा रिव्ह्यूअरनी वेगवेगळं वाचून एकच चुकीचा अर्थ काढला असेल, तर शोधायचीही गरज नाही, लिहिण्यातच घोळ आहे. वाक्य बदला आणि उत्तरात म्हणा, ‘हा भाग संदिग्ध होता, पान अमुक, ओळ तमुक इथे स्पष्ट केला आहे.’

उत्तरपत्रात प्रत्येक शेरा पूर्ण उतरवा, त्याखाली उत्तर, त्याखाली पान आणि ओळ. न पटलेला शेरा नाकारता येतो. कारण आणि पुरावा द्या, दोन परिच्छेदांत संपवा. पाठवण्याआधी सहलेखकाला नाहीतर विषयाबाहेरच्या एखाद्या मित्राला वाचायला द्या. राग आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतो.

प्रश्न: रिव्ह्यूअरने पाच पेपर वाचायला सांगितलेत. पाचही एकाच लेखकाचे. तो स्वतःच असावा असा संशय आहे. घालू का?

वाचा. ज्याने तुमच्या युक्तिवादात खरोखर भर पडते तेवढाच घ्या, उरलेले का घेतले नाहीत ते एका वाक्यात सांगा. केवळ स्वतःचे उल्लेख वाढवायला असं सुचवू नये, हे प्रकाशन-नीतीसाठी काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेच्या रिव्ह्यूअरसाठीच्या सूचनांत लिहिलेलं आहे. संशय एडिटरला कळवा, उत्तरपत्रात नको. ओळख हुडकत बसू नका.

प्रश्न: दादरला एकजण रिव्ह्यूअरची उत्तरं लिहून देतो, शिवाय स्कोपसमधल्या जर्नलमध्ये हमखास छापून आणतो. प्रबंध द्यायच्या आधी पेपर लागतोच म्हणतात, आणि वेळ कमी आहे. विश्वास ठेवावा का?

हमखास? छापायचं की नाही ते एडिटर ठरवतो. त्याच्या आधी हमी विकणारा एकतर खोटं बोलतोय, नाहीतर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या ठिकाणी तुमचं नाव अडकवतोय. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत प्रबंधापूर्वी पेपर छापून येण्याची सक्ती काढलेली आहे. तरी तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तो विभागात जाऊन लेखी विचारा, जिन्यात विचारू नका. ‘यूजीसी केअर यादीतलं जर्नल’ असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर ती यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, एवढं त्याला सांगा. आणि तुमचा कुठला शेरा मुद्दा बदलतो हे दादरच्या त्या माणसाला कसं कळणार? त्याने पेपर वाचलेला नसतो, तो आभाराची वाक्यं विकतो.

प्रश्न: साठ दिवसांची मुदत होती, पंचावन्न झाले. शेरे उघडायचीच भीती वाटते. काय करू?

आज एडिटरला मुदतवाढ मागा, नवी तारीख स्वतःच लिहून. पाच दिवस आधी मागितली तर बहुधा मिळते, मुदत टळल्यावर पेपर सिस्टिममधून आपोआप बंद झालेला असू शकतो. मग शेरे छापून घ्या आणि गाइडला घेऊन बसा.

प्रश्न: शेरे फारच वाईट आहेत. गाइड म्हणतात, तसाच दुसऱ्या जर्नलला पाठव. पाठवू?

तुमचा पेपर नाकारलाय की रिव्हिजनला आलाय? नाकारला असेल तर पाठवा, पण मुद्दा बदलणारे शेरे निस्तरून. समजा, विषय मुंबईच्या कामगार इतिहासाचा आहे: त्यावर लिहिणारी माणसं मोजकी आहेत, नव्या जर्नलचा एडिटर त्याच माणसाकडे पेपर पाठवायची शक्यता चांगलीच आहे, आणि त्याला जुने शेरे आठवतात. रिव्हिजनला आला असेल तर आधी पेपर लेखी मागे घ्या आणि एडिटरचं पोचपत्र येईपर्यंत थांबा. एकच पेपर एकाच वेळी दोन ठिकाणी असणं हा गैरप्रकार धरतात. गाइडना हे माहीत असेलच, तरी पोचपत्राची प्रत त्यांनाही पाठवा.