तुलना करण्याआधी अटी वाचा

उपकंपनीला लावलेला दर परक्याला लावला असता तसाच आहे, हे करखात्याला दाखवायचंय? मग इतर कंपन्यांच्या आकड्यांचा डेटाबेस उघडायची घाई करू नका. आधी तुमचीच कंपनी तोच माल एखाद्या परक्या ग्राहकाला विकते का, ते बघा. विकत असेल तर सगळ्यात भक्कम तुलना घरातच आहे.

समजा, उपकंपनीला दर ८० आणि परक्याला १००. नवखा माणूस इथेच २० चा फरक धरून घाबरतो. दोन्ही करार शेजारी ठेवून वाचा. परक्याच्या १०० मध्ये वाहतूक ६, वॉरंटीचा खर्च ५ आणि ९० दिवसांची उधारी आहे. वार्षिक १२ टक्के व्याजाने तिचे साधारण ३. उपकंपनी माल कारखान्यातून रोखीने उचलते, वॉरंटीही तीच सांभाळते. म्हणजे तुलनेचा दर ८६. खरा फरक ६ चाच, आणि उत्तर द्यायचंय ते त्या सहाचं.

‘उपकंपनी जास्त माल घेते’ हे उत्तर सगळेच देतात. पण तेवढ्या मालावर परक्यालाही सूट मिळाली असती, हे दरपत्रकातून दिसलं पाहिजे. नाहीतर दर ८६ करा.

आणि वॉरंटीचे दावे प्रत्यक्षात कोण भरतं, ते खातेवहीत तपासा. करारात उपकंपनी आणि पैसे मूळ कंपनीचे, असं निघालं तर ते ५ वजा करता येणार नाहीत.