जॉइनिंग पुढे ढकलताना बाबांच्या आजाराचं किती सांगायचं?

"ताई, यूकेचा स्किल्ड वर्कर व्हिसा मंजूर झालाय, जॉइनिंग ३ नोव्हेंबरला आहे. पण बाबांची बायपास १० नोव्हेंबरला ठरली. घरी आई आणि मीच. जानेवारीपर्यंत मुदत मागायची आहे. एचआरला नक्की किती सांगू? रिपोर्ट जोडू का?"

रिपोर्ट जोडू नकोस. मी जोडला होता, म्हणून आधी ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझं जॉइनिंग तोंडावर असताना आईच्या छातीत गाठ निघाली. मी घाबरून रात्री अकराला मेल लिहिला, अख्खी हकीकत सांगितली आणि खाली हॉस्पिटलच्या डिस्चार्ज समरीची पीडीएफ लावून दिली. त्यात आईचं पूर्ण नाव, वय, घरचा फोन नंबर, बायॉप्सीचा निकाल आणि पुढे केमोच्या सहा सायकल्स, सगळं होतं. एचआरने तो मेल मॅनेजरला पाठवला, मॅनेजरने टीममधल्या दोघांना. मुदत मिळाली. पण पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर एका अनोळखी सहकाऱ्याने फार प्रेमाने विचारलं, "आईची केमो कशी चालली आहे?" रात्री मी फोनवर आईला ते कौतुकाने सांगितलं, तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "मी अजून माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही गं." तिचा आजार ही तिची गोष्ट होती आणि मी तिला न विचारता ती वाटून टाकली होती. दुसरं नुकसान नोकरीतलं. सहा सायकल्स वाचल्यामुळे मॅनेजरच्या डोक्यात बसलं की ही मधेच परत जाणार. पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी मला दोनदा तसं विचारलं.

म्हणजे काहीच सांगू नये असं नाही. नुसतं "घरगुती अडचण" लिहून दोन महिने मागितलेस, तर समोरच्याला पहिली शंका येते की याला दुसरी ऑफर मिळाली. शिवाय तुझ्या बाबतीत एचआरला कारण माहीत असणं नियमानेच लागणार आहे, आणि किती सांगायचं ते तिथूनच ठरतं.

कंपनीने दिलेल्या तुझ्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपवर काम सुरू करायची तारीख आहे. ती तारीख, व्हिसा लागू होण्याची तारीख आणि व्हिसा मंजूर झाल्याचं तुला कळवलं ती तारीख, या तिन्हींत जी सगळ्यात उशिराची, तिथून २८ दिवसांच्या आत तू काम सुरू करायला हवंस. व्हिसा आधीच लागू झाला असेल तर तुझी मोजणी ३ नोव्हेंबरपासून धर, म्हणजे १ डिसेंबरपर्यंत. तोपर्यंत रुजू झालास तर उशिरा सुरू झाल्याबद्दल कंपनीला होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, काही सांगावं लागत नाही. तो कंपनीचा आणि तुझा मामला. त्यापुढे गेलास की कंपनीला पुढच्या १० कामाच्या दिवसांत कळवावं लागतं: एकतर स्पॉन्सरशिप थांबवतो, नाहीतर उशिराला हे योग्य कारण आहे. होम ऑफिसच्या स्पॉन्सरसाठीच्या मार्गदर्शनात अशा कारणांच्या उदाहरणांत आजारपण, जवळच्याचा मृत्यू किंवा घरातली गंभीर परिस्थिती हे दिलेलं आहे. पण कारण पटलं नाही तर व्हिसा रद्द करण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो.

आता तुझं गणित बघ. बायपासनंतर सगळं सुरळीत असेल तर साधारण आठवडाभरात पेशंट घरी येतो. खरी गरज त्यानंतर असते. छातीचं हाड जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर बाबांनी जड उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, आणि सुरुवातीला पलंगावरून उठतानासुद्धा हातावर जोर द्यायचा नाही. कोणीतरी सतत जवळ लागतं. आईला मदतीला मामा, काका कोणी महिनाभर येऊ शकत असतील तर १ डिसेंबर जमतंय का ते आधी मनापासून तपास. जमलं तर एचआरला एवढंच पुरे: वडिलांचं मोठं ऑपरेशन आहे, १ डिसेंबरला रुजू होतो. नाहीच जमलं तर ५ जानेवारी माग, पण मग एचआरच्या हातात असा मजकूर दे की त्यांना तो जसाच्या तसा पुढे कळवता येईल.

त्यांना चार गोष्टी लागतात. आजारी माणूस तुझा कोण, तूच का लागतोस, कुठल्या तारखेला येणार, आणि ती तारीख किती पक्की. आजाराचं नाव या चारांत नाही. मेल इंग्रजीत जाईल, पण आशय असा ठेव:

"माझ्या वडिलांची मोठी शस्त्रक्रिया १० नोव्हेंबरला ठरली आहे. नंतरच्या काळजीसाठी घरी आई आणि मीच आहोत. म्हणून ३ नोव्हेंबरऐवजी ५ जानेवारीला रुजू होण्याची परवानगी मागतो. ८ डिसेंबरला डॉक्टरांची तपासणी आहे, त्याच दिवशी तारीख पक्की असल्याचं कळवीन. ही मुदत २८ दिवसांच्या पुढे जाते, तेव्हा होम ऑफिसला कळवण्यासाठी माझ्याकडून काय लागेल ते सांगावं. वैद्यकीय माहिती कृपया एचआरपुरतीच ठेवावी."

८ डिसेंबर मी नमुन्याला लिहिली, तुमच्या सर्जनने दिलेली फॉलोअपची तारीख घाल. मॅनेजरला वेगळी एक ओळ पाठव: घरच्या ऑपरेशनमुळे जानेवारीत येतोय, एचआरशी बोलणं चालू आहे.

त्यांनी पुरावा मागितला तर अँजिओग्राफीचा रिपोर्ट नाही, सर्जनचं लेटरहेडवरचं पत्र द्यायचं. अमुक तारखेला मोठी शस्त्रक्रिया आहे आणि त्यानंतर अमुक आठवडे घरच्या माणसाने सोबत राहणं गरजेचं आहे, या दोन वाक्यांत काम होतं. आपल्याकडे डॉक्टर सवयीने निदान, शुगर, जुना त्रास सगळं लिहून टाकतात, म्हणून काय हवं ते कागदावर लिहूनच घेऊन जा. आणि पत्र घेण्याआधी बाबांना विचार. तिकडच्या कायद्यातही आरोग्याची माहिती ही जास्त जपायची माहिती मानतात, पण त्याहीपेक्षा ती त्यांची आहे.

दोन मोह टाळ. "ब्लॉकेज ९० टक्के आहे, काही सांगता येत नाही" असलं लिहिलंस की सहानुभूती मिळते, पण वाचणाऱ्याला त्यात तारीख दिसत नाही, अनिश्चितता दिसते. दुसरा मोह, गोष्ट वाढवून किंवा बदलून सांगायचा. तू जे लिहिशील तेच कंपनीकडून होम ऑफिसकडे जाईल. नंतर वेगळं काही निघालं तर उत्तर तुला द्यावं लागेल.

हेही माहीत असू दे की कंपनी नाही म्हणू शकते. पद तातडीने भरायचं असेल तर ऑफर मागे घेतील, आणि स्पॉन्सरशिप थांबली की व्हिसाही जातो. म्हणून होकार फोनवर मिळाला तरी नवी तारीख लेखी आल्याशिवाय तिकीट बदलू नकोस, आणि इथली नोकरी अजून सोडली नसेल तर नोटीसची शेवटची तारीख पुढे नेता येते का ते आजच विचार. व्हिसाची शेवटची तारीख मात्र पुढे सरकत नाही, हे दोन महिने त्यातूनच जातील.

मेल उद्याच टाक. ऑपरेशन होऊन गेल्यावर कळवलंस तर २८ पैकी आठवडाभर तसाच गेलेला असेल, आणि आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून तू पुन्हा माझ्यासारखाच मेल लिहिशील.