निम्मं घर गेलं कुठे?

प्रश्न : घोडबंदर रोडवर वनबीएचके बघतोय. एजंटने नकाशाचा फोटो पाठवला, मी तो ए-फोरवर छापून पट्टीने मोजला. नकाशावर १:१०० लिहिलंय, म्हणून एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर धरला. बेरीज २०७ चौरस फूट आली आणि करारात ४२८ लिहिलेत. बिल्डर फसवतोय का?

नाही, तुमचा प्रिंटर फसवतोय. १:१०० हे प्रमाण मूळ कागदापुरतं खरं. मूळ नकाशा बहुधा ए-थ्रीवर होता. ए-थ्रीचं ए-फोर केलं की प्रत्येक रेघ मूळच्या साधारण ७१ टक्के होते आणि क्षेत्रफळ बरोबर निम्मं. तुमचा आकडाही जवळपास निम्माच आलाय. तुमच्या हिशेबाने हॉल जेमतेम सव्वासात फूट रुंद होतो, हेही तेव्हाच खटकायला हवं होतं. मी आधी दार मोजतो. बेडरूमचं दार ६४ सेंटिमीटर निघालं, तर स्केल गेलं समजा.

म्हणून छापलेलं प्रमाण सोडा, स्वतःचं काढा. तुम्ही पाठवलेल्या कागदावर घराच्या लांबीवर ९.६० मीटर असं माप लिहिलंय. त्याच्या दोन टोकांच्या खुणांमधलं अंतर मी मोजलं, ते ६८ मिलिमीटर भरलं. ९६०० भागिले ६८ म्हणजे १४१. तुमच्या कागदाचं प्रमाण १:१४१ आहे, म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे १४.१ सेंटिमीटर. यासाठी नेहमी सगळ्यात लांब माप घ्या. पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. ६८ मध्ये तो लपून जातो, पण दाराच्या सहा मिलिमीटरमध्ये सगळा हिशेब बिघडवतो.

आता खोल्या, आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत, मिलिमीटरमध्येच : हॉल २२ × ३४, बेडरूम २२ × २५, किचन १७ × २०, बाथरूम ९ × १५, टॉयलेट ७ × ९, पॅसेज ७ × १३. गुणाकारांची बेरीज १९२७ चौरस मिलिमीटर. रूपांतर एकदाच, शेवटी करा. १४१ चा वर्ग लावला की ३८.३ चौरस मीटर होतात, आणि १०.७६४ ने गुणले की ४१२ चौरस फूट.

तरी १६ फूट कमी आहेत, ते भिंतींत आहेत. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियाच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, स्वतःची बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत, पण घरातल्या आतल्या भिंतींची जागा धरतात. तुमच्या नकाशात त्या साधारण साडेअकरा मीटर लांब आणि प्लास्टरसह साडेअकरा सेंटिमीटर जाड आहेत. म्हणजे १.३ चौरस मीटर, १४ चौरस फूट. एकूण ४२६. उरलेल्या दोन फुटांसाठी बिल्डरशी भांडू नका. हॉलच्या रुंदीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तरी एका हॉलमध्येच साधारण साडेतीन फुटांचा फरक पडतो.

प्रश्न : खारघरला सेल्स ऑफिसमध्ये नकाशाची प्रत देत नाहीत. टेबलावर ठेवलेल्या नकाशाचा उभ्यानेच फोटो काढला. एकच माप लिहिलेलं दिसतंय, त्यावरून बाकी सगळं काढलं तर चालेल?

आधी नकाशाची चौकट बघा. वरची आणि खालची कडा फोटोत सारख्या लांबीच्या नसतील, तर फोटो तिरका आहे. मग कागदाच्या वरच्या आणि खालच्या भागाचं प्रमाणच वेगळं असतं. वरचं किचन खरं असतं त्यापेक्षा लहान दिसतं, आणि एका मापावरून ते दुरुस्त होत नाही.

मोबाइलच्या स्कॅन मोडने चौकटीचे चार कोपरे पकडून कागद सरळ करून घ्या. पण त्यातही कागद थोडा रुंद किंवा उंच ताणला जाऊ शकतो, म्हणून एक आडवं आणि एक उभं अशी दोन मापं लागतात. समजा, आडवा मिलिमीटर १३.५ सेंटिमीटर आला आणि उभा १४.२, तर दोन्हींचा गुणाकार वापरा. तुमच्याकडे एकच माप आहे, तेव्हा उभ्या दिशेचं दुसरं माप वाचता येईल असा एक फोटो पुन्हा काढा. या वेळी मोबाइल नकाशाच्या बरोबर वर, टेबलाला समांतर धरा. माहितीपत्रकाच्या घडीत दुमडलेली खोली मात्र मोजायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : घणसोलीच्या नकाशात बेडरूम १०'६" × ११'९" आहे. मी १०.६ गुणिले ११.९ केलं, १२६ आले. ब्रोकर १२३ म्हणतो.

ब्रोकर बरोबर आहे, असंही कधीकधी होतं. फुटात बारा इंच असतात, त्यामुळे सहा इंच म्हणजे अर्धा फूट आणि नऊ म्हणजे पाऊण. १०.५ गुणिले ११.७५ केलं की १२३.४ येतात. आणि जिथे माप लिहिलेलं आहे, तिथे पट्टी लावूच नका. लिहिलेलं आणि मोजलेलं जुळत नसेल, तर आम्ही ड्राफ्ट्समन लोक लिहिलेलंच धरतो.