‘मला कुठेही चालेल’ म्हणणाऱ्या सात जणी

ताई, आम्ही शाळेतल्या आठ मैत्रिणी. वर्षातून एकदा दोन दिवस फिरायला जातो. ग्रुपवर विचारलं की सगळ्यांचं एकच, ‘मला कुठेही चालेल.’ शेवटी मीच ठरवते आणि मग ‘महागच पडलं गं’, ‘परत समुद्रच का?’ हे मीच ऐकून घेते. मागच्या वेळी परतताना गाडीत रडू आलं. यंदा नाद सोडू का?
– वैतागलेली, डोंबिवली

वैतागताई,

सोडू नका, पण ग्रुपवर विचारणं बंद करा. ‘कुठेही चालेल’च्या मागे बहुतेक वेळा न बोललेली एखादी अडचण असते. एकीचा हात त्या महिन्यात आखडलेला असतो, दुसरीला सासूबाईंना एकटं ठेवून रात्रभर बाहेर राहता येत नाही. हे सात जणींसमोर कोण लिहिणार? म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र फोन करा. ‘कुठे जायचं?’ विचारूच नका. ‘काय चालणार नाही, कोणते शनिवार-रविवार जमणार नाहीत आणि किती रुपयांपर्यंत जमेल?’ एवढंच विचारा. सर्वांत कमी आकडा येईल तीच सगळ्यांची मर्यादा, आणि तो कुणाचा हे तुमच्या पोटातच राहू द्या.

समजा, तो आकडा साडेतीन हजार आला. त्यात बसतील अशा दोनच जागा निवडा, उदाहरणार्थ दिवेआगर आणि वाई. दोनच, कारण सहा पर्याय टाकले की मतं फुटतात आणि पुन्हा ‘तूच ठरव’ सुरू होतं. तारीख आधी पक्की करा, मगच ग्रुपवर लिहा: ‘बुधवारी रात्री नऊपर्यंत मत द्या. जिचं येणार नाही तिला जास्त मतांची जागा मान्य आहे असं धरू.’ ज्या जागेला कमी मतं पडतील ती पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा. ‘परत समुद्रच का’ला तेवढं उत्तर पुरतं.

खरी भांडणं मात्र ऐनवेळच्या गळतीवरून होतात. टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं बारा हजार असेल, तर आठ जणींत दीड हजार पडतं. आदल्या दिवशी दोघी गळाल्या की सहा जणींना दोन हजार. गाडीवाला काही भाडं कमी करत नाही. म्हणून बुकिंगच्या आधीच प्रत्येकीकडून दीड हजार घ्या आणि तेव्हाच सांगा, की गाडी ठरल्यावर हे पैसे परत मिळणार नाहीत. हे आधी सांगितलं तर नियम वाटतो, नंतर सांगितलं तर टोमणा.

पैसे तुम्ही गोळा करू नका. जी सर्वांत जास्त कुरकुरते तिच्याकडे हिशेब द्या, जेवणाचं दुसरीकडे. (माझ्या बहिणीच्या ग्रुपात हे केलं. खर्चावरून सर्वांत जास्त बोलणारी बाई चहाच्या टपरीवरही पावती मागायला लागली.)

रविवारपर्यंत पाचच जणींचे पैसे आले, तर टेम्पो ट्रॅव्हलर विसरा, सहा माणसं बसतील अशी गाडी ठरवा आणि पाचजणी जा. उरलेल्या तिघींना फोटो पाठवा, वर काही लिहू नका.