नाव आठवत नाही तेव्हा

पाडव्याच्या स्वागतयात्रेत, कौपीनेश्वर मंदिराबाहेर, कुणीतरी हात हातात घेऊन 'काय, कसं काय?' म्हणेल आणि तुला नाव आठवणार नाही. रोज काउंटरमागे दिसणारा माणूस फेटा बांधून समोर आला की चेहरा ओळखीचा वाटतो, पण कुठला ते लक्षात येत नाही.

आधी तितक्याच आपुलकीनं नमस्कार कर. मग आजचंच विचार: 'कुठून निघालात? कोणाबरोबर आलात?' 'नौपाड्यातून, ढोलपथकाबरोबर' एवढ्यावरही पुष्कळदा धागा लागतो. 'आई कशा आहेत?' हे मात्र अंदाजानं कधीच विचारू नकोस. आई गेल्या असतील तर समोरच्याला फार लागतं.

दोन-तीन वाक्यांत ओळख पटली नाही तर सरळ म्हण, 'माफ करा, चेहरा लक्षात आहे, नाव आठवत नाहीये.' यानं सहसा कुणी दुखावत नाही. दहा मिनिटं गप्पा मारल्यावर तिसरा येऊन 'हे कोण?' म्हणाला आणि तू अडखळलास, तर मात्र दुखावतात. नाव कळलं की लगेच बोलण्यात घे, 'बरं झालं भेटलात, जोशीकाका', आणि घरी गेल्यावर फोनमध्ये नावापुढे 'नौपाडा, ढोलपथक' असं लिहून ठेव.