ब्लाउजच्या दुकानाचा तीस सेकंदांचा व्हिडिओ: बोलायचं काय?

"माझी बहीण बार्शीत लेडीज टेलरिंगचं दुकान टाकतेय. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला तीस सेकंदांचा व्हिडिओ करायचाय. तिनं नेमकं काय बोलावं? कुणी लिहून देईल का?"

मी सांगोल्यात ब्लाउज शिवते. माझ्या पहिल्या व्हिडिओत कटोरी, प्रिन्सेस कट, पंजाबी ड्रेस, परकर अशी सगळी यादी वाचली होती. सव्वा मिनिट बोलले आणि दुकान कुठंय तेच सांगायचं राहिलं! म्हणून यादी नको. बायकांची टेलरबद्दल मुख्य तक्रार एकच, वेळेत देत नाही. तिथूनच सुरुवात करा:

"नमस्कार! लग्न उद्यावर आलं आणि ब्लाउज अजून टेलरकडेच, असं झालंय ना कधी? मी (नाव). भगवंत मंदिराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून माझं शिवणकामाचं दुकान सुरू झालंय. साधा ब्लाउज चार दिवसांत, अस्तराचा आठ दिवसांत. तारीख पावतीवर लिहून देते. आणि हे बघा, कापड पुरलं तर आत इंचभर माया ठेवते, पुढं सैल करता येतो. फॉल-पिकोही इथेच. येताना मापाचा ब्लाउज आणा, या!"

पत्ता तुमचा घाला. घाई न करता म्हटलं तर एवढं तीस सेकंदांत बसतं. जास्त झालं तर फॉल-पिको काढा, पत्ता काढू नका.

"हे बघा" म्हणताना तिनं ब्लाउज उलटा करून बाजूची शिवण कॅमेऱ्याजवळ धरावी. बोटानं माया दाखवली की शिवणकाम कळणारी बाई लगेच ओळखते. "कापड पुरलं तर" हे मात्र गाळू नका. साडीतला ब्लाउजपीस बहुधा 80 सेंटिमीटरच्या आसपास असतो. कोपरापर्यंत बाही हवी असली आणि बाई अंगानं भरलेली असली की मायेला कापड उरत नाही. मग तीच बाई व्हिडिओ दाखवून भांडते. चार आणि आठ दिवस हेही तिच्या हाताच्या वेगाप्रमाणे बदला, आणि लग्नसराईत जमेल तेवढंच बोला.

"सोमवारपासून" म्हणू नका. व्हिडिओ महिनाभर फिरतो, कुठला सोमवार ते कुणाला कळणार? दुकान उघडल्यावरच काढा. दरही बोलू नका, वाढवले की जुना व्हिडिओ पुढं करतात. फोन नंबर बोलण्यात पाच-सहा सेकंद जातात आणि लिहून कुणीच घेत नाही. तो पडद्यावर खाली टाका.

काढताना पंखा बंद ठेवा, मशीनही. माझ्या दुसऱ्या व्हिडिओत मागं मावशी पिको मारत होत्या, माझं निम्मं बोलणं त्या खडखडाटातच गेलं.